व्ही-टू-एलवर कडबाकुट्टीची मोटार सुरू करताच गाडीचा पुरवठा तुटतो: कारण आणि उपाय

इलेक्ट्रिक गाडीचं व्ही-टू-एल, म्हणजे गाडीच्या बॅटरीवर बाहेरची उपकरणं चालवायची सोय, घेतलेल्या ओळखीतल्या चार-पाच जणांनी मला एकच तक्रार सांगितली. केटली चालते, इंडक्शन शेगडी चालते, तंबूतले दिवे रात्रभर जळतात, पण मोटारीचं काही लावलं की बटन दाबल्याबरोबर सगळं बंद. मग ॲडॉप्टर काढा, दोन मिनिटं थांबा, परत लावा, परत तेच. माझ्याकडेही हेच झालं आणि त्याचं मूळ सापडायला तीन आठवडे गेले. ते तीन आठवडे दुसऱ्या कोणाचे जाऊ नयेत म्हणून सविस्तर लिहितो.

आमची शेती अंबाजोगाई तालुक्यात, मी राहायला लातूरला. गोठा शेतातच आहे: दोन देवणी गायी, एक म्हैस, तीन वासरं. फीडरला एक आठवडा दिवसा वीज, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात कडबा तोडायचा तर तात्यांना रात्री अकरानंतर उठावं लागतं. चुलतेच ते, वय अडुसष्ट, आणि अंधारात फिरत्या पात्यासमोर उभं राहायचं. डिसेंबरात हुरड्यासाठी पाहुणे मुक्कामाला आले होते. त्या रात्री गाडीवर दिवे, केटली आणि चटणीचा मिक्सर आरामात चालला. सकाळी तात्या म्हणाले, "एवढं समदं चालायलंय, तर कुट्टी लाव की त्याच्यावर." लावली. मोटारीतून "घुं" असा अर्धा आवाज निघाला, पट्टा बोटभर सरकला आणि गाडीच्या पडद्यावर पुरवठा थांबल्याचा संदेश आला.

आधी बिघाड कोणत्या जातीचा आहे ते ओळखायला हवं, कारण पुरवठा तुटण्याचे तीन वेगळे प्रकार आहेत आणि तिघांचे उपाय एकमेकांच्या कामाचे नाहीत. बटन दाबताच, एक-दोन म्हणायच्या आत तुटला तर तो सुरुवातीच्या करंटचा प्रश्न. पाच-दहा मिनिटं नीट चालून मग तुटला तर जादा भार, तापलेली वायर किंवा बॅटरीची ठरवून दिलेली खालची मर्यादा. आणि यंत्राचं बटन न दाबता नुसता प्लग खोचल्याबरोबर तुटला तर गळती, म्हणजे करंट अर्थिंगच्या वाटेने जातोय. मी इथे मुख्यतः पहिल्याबद्दल लिहितोय. बाकी दोन शेवटाकडे येतील, कारण पहिला सोडवताना तेही भेटतात.

गाडी, ॲडॉप्टर आणि वायर यांच्यावरचा संशय आधी फेडून घ्या. त्यासाठी सगळ्यात सरळ साधन म्हणजे दीड-दोन हजार वॉटची केटली किंवा पाणी तापवायची रॉड. तापणारी कॉइल असलेल्या उपकरणाला सुरुवातीचा झटका जवळजवळ नसतो, जे पाटीवर लिहिलंय तेवढंच ते ओढतं. ज्या वायरीवर मोटार बंद पडली त्याच वायरीवर केटली पाच मिनिटं उकळली, तर गाडी निर्दोष आहे आणि ॲडॉप्टरही. माझी उकळली. सर्व्हिस सेंटरच्या फेऱ्या तिथेच वाचल्या असत्या, पण ही चाचणी मला दुसऱ्या फेरीनंतर सुचली.

आता मोटारीची पाटी वाचा. आमच्या कुट्टीवर होती ती २ एचपीची, सिंगल फेज, २३० व्होल्ट, १४४० फेरे, १०.५ अँपिअर, वर दोन कपॅसिटर. गाडीची मर्यादा ३.३ केव्हीए, म्हणजे २३० व्होल्टला साधारण १४ अँपिअर. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांची मर्यादा ३.३ ते ३.६ किलोवॅटच्या आसपासच आहे. साडेदहा अँपिअर चौदात बसतात, म्हणून चालायला हवी, असा माझा हिशेब. चूक तिथेच होती. पाटीवरचा आकडा मोटार पूर्ण वेगात फिरत असतानाचा आहे. थांबलेली इंडक्शन मोटार सुरू होताना त्याच्या पाच ते सात पट करंट मागते आणि वेग पकडेपर्यंत तो फारसा खाली येत नाही. गावातल्या घरच्या लाइनवर तीच मोटार लावून क्लॅम्प मीटरच्या, सुरुवातीचा झटका पकडणाऱ्या इनरश सोयीने मोजलं, तर आकडा आला ५४ अँपिअर. अर्ध्या-पाऊण सेकंदासाठी, पण ५४.

घरच्या लाइनला हे चालतं, कारण तिच्यामागे डीपीवरचा मोठा ट्रान्सफॉर्मर असतो. बल्ब क्षणभर मंद होतात, एमसीबी तेवढा झटका सोसण्यासाठीच बनवलेला असतो, आणि मोटार निघून जाते. गाडीत तसं नाही. गाडीतला चार्जर उलट दिशेने, म्हणजे इन्व्हर्टर म्हणून चालून बॅटरीचा डीसी २३० व्होल्ट एसीमध्ये बदलतो, आणि त्यातले इलेक्ट्रॉनिक स्विच ठरलेल्या करंटच्या वर गेले तर जळतात. म्हणून त्यांचं संरक्षण काही मिलिसेकंदांत पुरवठा तोडतं. एमसीबी अर्धा सेकंद वाट पाहतो, इन्व्हर्टर पाहत नाही. हौद मोठा, पण तोटी बारीक, आणि तोटीवर जोर आला की ती स्वतःच बंद होते. गाडीत ४० युनिट आहेत म्हणून ५४ अँपिअर मिळतील असं होत नाही.

एवढं कळल्यावर लोकांनी सांगितलेले बहुतेक उपाय का चालत नाहीत तेही कळतं. पहिला सल्ला असतो, पट्टा काढून रिकामी मोटार सुरू करा, भार कमी होईल. मी पट्टा पूर्ण उतरवून बघितलं. तरी तुटला. थांबलेल्या मोटारीचा पहिला करंट तिच्यावर भार किती यावर ठरत नाही, तो तिच्या गुंडाळीवर ठरतो. भार नसेल तर ती लवकर वेग पकडते आणि झटका लवकर ओसरतो, एवढाच फरक. एमसीबीला त्याचा फायदा होतो. इन्व्हर्टर पहिल्या क्षणालाच तोडून मोकळा झालेला असतो. आणि ही चाचणी म्हणून मात्र फार कामाची आहे: पट्टा काढूनही तुटतोय म्हणजे यंत्र जाम नाही, बेअरिंग धरलेलं नाही, प्रश्न शुद्ध सुरुवातीच्या करंटचा आहे.

दुसरा सल्ला, मोठं चाक आधी हाताने फिरवून घ्या. हाताने आपण चाकाला जो वेग देतो तो मोटारीच्या वेगाच्या मानाने किरकोळ असतो, आणि करंट खरा उतरतो तो मोटार पाऊण वेगाच्या पुढे गेल्यावर. शिवाय कुट्टीच्या त्या चाकावरच पाती बसवलेली असतात. ते हाताने फिरवत असताना कोणी बटन दाबलं तर बोटं जातील. हा सल्ला कोणीही पाळू नये.

तिसरा, मध्ये स्टॅबिलायझर लावा. त्याने बिघडतं. स्टॅबिलायझरमधला ट्रान्सफॉर्मर स्वतःच चालू होताना झटका ओढतो, माझ्याकडे तर मोटार न लावताच एकदा पुरवठा गेला. चौथा, पंख्याच्या रेग्युलेटरसारखा डिमर लावून व्होल्टेज हळूहळू वाढवा. कपॅसिटरवर सुरू होणाऱ्या मोटारीला कमी व्होल्टेज दिलं की तिचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, ती जागच्या जागी घुमत राहते, सुरुवातीचा कपॅसिटर सुटत नाही आणि गुंडाळी तापते. आमच्या गावात एकाची मोटार अशीच जळाली.

उपाय अंबाजोगाईच्या मोटार वाइंडिंगवाल्या दादांनी सांगितला. "मोटार बदला, कुट्टी तीच राहू द्या. थ्री फेज मोटार घ्या आणि तिला व्हीएफडीवर चालवा." व्हीएफडी म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलणारा ड्राइव्ह. तो आत सिंगल फेज २३० व्होल्ट घेतो आणि बाहेर थ्री फेज देतो, तेही शून्य फ्रिक्वेन्सीपासून सुरू करून हळूहळू ५० हर्ट्झपर्यंत. मोटार सुरुवातीपासूनच तिच्या मागोमाग फिरत जाते, म्हणून तिला तो पाच-सात पटीचा झटका घ्यावाच लागत नाही. कपॅसिटरवाली सिंगल फेज मोटार व्हीएफडीला जोडता येत नाही, हे आधीच ध्यानात ठेवा. लोक ड्राइव्ह आणतात, जुन्या मोटारीला जोडतात आणि दोन्हीपैकी एक तरी घालवतात.

मोटार निवडताना एक बारीक गोष्ट आहे आणि सगळं तिच्यावर अवलंबून आहे. आपल्याकडे २ एचपीपर्यंतच्या थ्री फेज मोटारी बहुधा ४१५ व्होल्टला स्टार जोडणीत येतात. स्टारमध्ये प्रत्येक गुंडाळीवर येतात २४० व्होल्ट. म्हणजे तीच मोटार डेल्टा जोडणीत बदलली की २३०-२४० व्होल्टच्या थ्री फेजवर पूर्ण ताकदीने चालते, आणि आपला सिंगल फेज व्हीएफडी नेमकं तेवढंच व्होल्टेज देऊ शकतो. मोटारीच्या डबीत सहा टोकं असतात, त्यांवर पितळी पट्ट्या. स्टारमध्ये एका ओळीची तिन्ही टोकं आडवी एकत्र बांधलेली असतात. त्या पट्ट्या काढून वरचं-खालचं टोक अशा तीन उभ्या जोड्या केल्या की झाला डेल्टा. हे करण्याआधी पाटी बघा. पाटीवर ४१५ व्होल्ट डेल्टा लिहिलं असेल, किंवा डबीत सहाऐवजी तीनच टोकं बाहेर असतील, तर ती मोटार या कामाची नाही. मी जुनी पण नव्याने गुंडाळलेली २ एचपीची मोटार घेतली आणि १.५ किलोवॅटचा, सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी.

ड्राइव्हमध्ये चार-पाचच गोष्टी भराव्या लागल्या. मोटारीचं व्होल्टेज २३०, फ्रिक्वेन्सी ५०. करंट ६ अँपिअर, कारण पाटीवर स्टारमध्ये ३.५ होता आणि डेल्टात तो १.७३ पट होतो. वेग वाढायचा काळ १० सेकंद. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वीज परत आल्यावर किंवा दोष निघाल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय पूर्ण बंद. पुरवठा तुटला, तात्यांनी तोंडात अडकलेला कडबा ओढायला हात घातला आणि तेवढ्यात इकडे मी गाडीचं ॲडॉप्टर परत लावलं, असं एका क्षणात होऊ शकतं. म्हणून आमच्याकडे नियम आहे: पुरवठा गेला की आधी यंत्राचा प्लग उपसून जमिनीवर ठेवायचा, तो डोळ्यांना दिसला पाहिजे, मग कडब्याला हात.

पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा मोटारीतून बारीक शीळ आली, चाक इतकं सावकाश निघालं की पात्यावरचा गंजाचा डाग फिरताना दिसत होता, मग तो डाग पुसला जाऊन नुसतं वर्तुळ उरलं. दहा सेकंद. गाडीकडच्या वायरीवर क्लॅम्प मीटर लावलेला होता, तो अडीच अँपिअरवर थांबला. तात्या काही बोलले नाहीत, पेंडी सोडून पहिली मूठ तोंडात सारली. वाळका कडबा नेहमीसारखा घातल्यावर करंट ९ ते १० अँपिअर, जाड मूठ गेली की १२.

इथे एक फसगत होते. मीटरवर १० अँपिअर दिसत असताना गाडीचा पडदा मात्र १.५ किलोवॅटच दाखवत होता. १० गुणिले २३० म्हणजे २३०० व्हायला हवेत, मग बाकीचे गेले कुठे? कुठे गेलेले नाहीत. व्हीएफडी विजेच्या लाटेच्या फक्त शेंड्यावर करंट उचलतो, त्यामुळे प्रत्यक्ष काम कमी आणि वायरीतला करंट जास्त असतो. गाडीचं इन्व्हर्टर मात्र करंटला घाबरतं, किलोवॅटला नाही. म्हणून पडद्यावर दीड किलोवॅट दिसतंय, अजून पाऊणेदोन शिल्लक आहेत, तर केटली लावू, असं करू नका. मी केलं आणि तुटला. क्लॅम्प मीटरवर बघा, आणि एकूण १२-१३ अँपिअरच्या वर सतत ठेवू नका. याच कारणाने २ एचपी ही माझ्या गाडीसाठी वरची हद्द आहे. ३ एचपीची कुट्टी व्हीएफडी लावूनही भरल्या तोंडाने चालणार नाही.

ड्राइव्हचा आणखी एक फायदा नंतर कळला. ओली मूठ अडकून चाक थांबायला आलं की आता गाडी तुटत नाही, ड्राइव्ह स्वतः आधी थांबतो. त्याला बटनाने परत सुरू करता येतं. गाडीच्या बाजूला जावं लागत नाही.

आता तो गळतीचा प्रकार, कारण व्हीएफडी आला की तो येतोच. सुरुवातीच्या दिवसांत कुट्टीच्या सांगाड्याला हात लावला की झिणझिण्या यायच्या, टेस्टरची लाल बत्ती मिणमिणायची. गाडी रबरी टायरवर उभी, तिचा पुरवठा जमिनीशी बांधलेला नाही. घरात न्यूट्रल जमिनीला जोडलेला असतो, इथे नसतो. म्हणून टेस्टर दोन्ही छिद्रांत थोडा थोडा पेटला तर तो बिघाड समजू नका. झिणझिण्यांचं कारण मात्र आमच्याकडे वेगळं निघालं: वायरीतली अर्थिंगची तिसरी तार मध्येच तुटलेली होती. ड्राइव्हच्या आतल्या फिल्टरचे कपॅसिटर थोडा करंट सांगाड्याकडे सोडतात, आणि त्याला परत जायला तार नव्हती. तीन तारांची अखंड वायर टाकली आणि ते थांबलं. त्यानंतर एकदा प्लग लावताच ॲडॉप्टरचं गळती-संरक्षण पडायला लागलं, तेव्हा वाइंडिंगवाल्या दादांनी ड्राइव्हच्या माहितीपुस्तिकेत बघून फिल्टर जमिनीशी जोडणारा ईएमसी स्क्रू काढला. जमिनीशी न बांधलेल्या पुरवठ्यावर तो काढायचाच असतो. स्वतःहून न्यूट्रल आणि अर्थिंग जोडून हा प्रश्न सोडवायला जाऊ नका. आणि गाडीचा पुरवठा दोन्हीकडे पिना असलेल्या वायरीने घराच्या किंवा शेतपेटीच्या सॉकेटमध्ये उलटा घालणं तर कधीच नाही. ती वीज खांबावर चढते आणि वर लाइनमन असतो.

वायरीबद्दल थोडक्यात. आमच्याकडे गाडी बांधावर, गोठा चाळीस मीटरवर. आधी बारीक ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर होती, तिच्यात १० अँपिअरला जवळपास २० व्होल्ट जायचे. आता २.५ ची तांब्याची आहे. रीळवर गुंडाळलेली वायर पूर्ण उलगडून पसरा. गुंडाळलेली ठेवून अर्धा तास चालवली आणि आतले वेटोळे हाताला चटका देईपर्यंत तापले होते, हे मी स्वतः बघितलंय.

बॅटरीची चिंता सगळ्यात शेवटी येते, जरी लोक ती सगळ्यात आधी विचारतात. चाळीस मिनिटं कुट्टी चालवून आठवड्याचा चारा झाला, गाडी ३ टक्क्यांनी उतरली. म्हणजे सव्वा युनिट, आठेक किलोमीटरची धाव. मी खालची मर्यादा ४० टक्क्यांवर लावून ठेवतो, कारण लातूर साठ-एक किलोमीटर लांब आहे आणि तिथवर पोहोचायचंय. ही मर्यादा विसरून गेल्याने एकदा अर्ध्या कामात पुरवठा बंद झाला होता आणि मी पुन्हा मोटारीला दोष देत बसलो. पाच-दहा मिनिटांनी तुटत असेल तर आधी तो आकडा बघा. एप्रिल-मेत भर दुपारी, गाडी उन्हात उभी असताना, माझ्याकडे वीस मिनिटांत दोनदा तुटला होता. तीच गाडी लिंबाच्या सावलीत लावून सकाळी सातला चालवली की तुटत नाही.

ज्यांना कुट्टी नाही, नुसतं तंबू आणि हत्यारं चालवायची आहेत, त्यांना एवढ्या खटाटोपाची गरज क्वचितच पडेल. चार इंची ग्राइंडर, ड्रिल, मिक्सर, कूलर आणि इन्व्हर्टरवाला फ्रिज माझ्या गाडीवर पहिल्या झटक्यात निघाले. चौदा इंची कटिंग मशीन कधी निघालं, कधी नाही, आणि १ एचपीची मोनोब्लॉक पाण्याची मोटार एकदाही नाही. तिचीही पाटी काल उतरवून घेतली: सिंगल फेज, साडेसहा अँपिअर. पुढच्या हुरड्याच्या आत तिच्या जागी थ्री फेज मोटारीचा पंप बसवायचा आहे, ड्राइव्ह तोच, नुसता करंटचा आकडा बदलून.